नवा सिस्टीम कॉल आणि तिसरं निरीक्षण

कर्नल कधीही खोटं बोलत नाही. हे वाक्य मी अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अठरा वर्षं, दर वर्षी पहिल्या तासाला, हातात खडू घेऊन उच्चारलं. उच्चारताना आवाज जरा खाली न्यायचो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. काही जण वहीत उतरवूनही घ्यायचे आणि खाली रेघ मारायचे.

वाक्य ऐकायला उपनिषदातलं वाटतं. अर्थ अगदी साधा आहे. संगणकातल्या सगळ्या प्रोग्रॅमना जागा आणि वेळ वाटून देणारा जो गाभा, तो कर्नल. त्याला जे विचाराल तेच तो सांगतो, कारण दुसरं काही सांगण्याइतकी अक्कल त्याला नाही. खोटं बोलायला माणूस लागतो. तो माणूस कोण, हे मी विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नाही. पहिली काही वर्षं मलाच ठाऊक नव्हतं, आणि नंतर ठाऊक झालं म्हणून.

आमच्याकडे शिकवण्यासाठी मुद्दाम बनवलेला एक लहानसा कर्नल होता. खरा, चालणारा, पण एका सत्रात वाचून संपेल एवढाच. एम्युलेटरमध्ये तो चालायचा, म्हणजे संगणकाच्या आत एक खोटा संगणक आणि त्यात हा. प्रयोग क्रमांक सात होता ‘कर्नलमध्ये नवीन सिस्टीम कॉल टाकणे आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममधून तो तपासणे.’

सिस्टीम कॉल समजावताना मी तहसील कचेरीची खिडकी सांगायचो. सामान्य प्रोग्रॅमला कर्नलच्या आत पाय ठेवता येत नाही. त्याने खिडकीशी जायचं, आपल्या कामाचा नंबर सांगायचा आणि उत्तराची वाट पाहायची. आतला बाबू नंबर बघतो, तक्त्यात त्या नंबरासमोर कोणतं फंक्शन लिहिलंय ते शोधतो, ते चालवतो आणि उत्तर खिडकीतून बाहेर देतो. नवा सिस्टीम कॉल टाकायचा म्हणजे कर्नलच्या बाजूला एक नवा नंबर ठरवायचा, तक्त्यात त्या नंबरासमोर फंक्शन नोंदवायचं आणि ते फंक्शन लिहायचं. बाहेरच्या बाजूला त्या कॉलचं नाव जाहीर करायचं आणि असेंब्ली भाषेतला एक चिमुकला तुकडा ठेवायचा. तो तुकडा नंबर प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये भरतो आणि कर्नलचं दार वाजवतो. तक्त्यातली नोंद विसरलात, तर कर्नल ‘अनोळखी सिस्टीम कॉल’ असं म्हणतो आणि उणे एक परत करतो. बाहेरचा तुकडा विसरलात, तर प्रोग्रॅम जोडलाच जात नाही. आणि मेकफाइलमध्ये, म्हणजे काय काय बांधायचं त्या यादीत, चाचणीच्या प्रोग्रॅमचं नाव घालायचं विसरलात, तर तो डिस्कवर पोचतच नाही आणि शेल, म्हणजे आपल्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, सांगतो की असा प्रोग्रॅम चालवता आला नाही. तीन चुका, तीन वेगळी उत्तरं. तहसीलमध्ये तिन्हींना एकच उत्तर मिळतं.

आमचा सिस्टीम कॉल प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, मोजायचा. कर्नलकडे प्रोसेसचं एक टेबल असतं, चौसष्ट जागांचं. मोजताना कुणी टेबल बदलू नये म्हणून कुलूप घ्यायचं, एकेक जागा बघायची, जी रिकामी नाही ती मोजायची, कुलूप सोडायचं, आकडा परत करायचा. दहा ओळींचं काम. चाचणीचा प्रोग्रॅमही साधा होता. आधी मोजायचं. मग फोर्क करून एक मूल-प्रोसेस तयार करायची आणि पुन्हा मोजायचं. मग वेट करून मुलाचं संपणं पदरात घ्यायचं आणि पुन्हा मोजायचं. उत्तरं तीन, चार, तीन. पहिले तीन म्हणजे सगळ्यांची आई असलेली पहिली प्रोसेस, शेल आणि आपला प्रोग्रॅम. हे मी स्वतः चालवून पाहिलं होतं.

मग विभागप्रमुखांच्या मनात आलं की विभागाचं स्वतःचं मॅन्युअल हवं. फोटोकॉपीचं नको, छापील हवं, पुठ्ठा बांधणीचं, वर सोनेरी अक्षरं. मूल्यांकन समिती येणार होती. मॅन्युअल मी लिहायचं, प्रस्तावना त्यांनी, शुभेच्छा संस्थेच्या अध्यक्षांनी आणि आशीर्वाद अध्यक्षांच्या वडिलांनी, असं श्रमविभाजन ठरलं. आशीर्वाद सर्वांत आधी तयार झाला.

मॅन्युअलचा साचा महाविद्यालयाने ठरवून दिला होता, सगळ्या विभागांना एकच: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण तक्ता, निष्कर्ष. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्याने लोलक मोजला होता अशा कुणीतरी तो केला असावा, कारण नियम होता की निरीक्षण तक्त्यात किमान चार निरीक्षणं हवीत. विभागप्रमुखांनी माझं हस्तलिखित चाळलं आणि प्रयोग सातवर बोट ठेवलं.

“इथं तीनच आहेत.”

“सर, तीनच होतात. आधी, मधे, नंतर.”

“चार करा. समितीवाले आधी तक्तेच मोजतात, मजकूर कोणी वाचत नाही.”

मी घरी येऊन प्रोग्रॅममध्ये एक पायरी वाढवली. मूल क्षणभर झोपून एक्झिट करेल. आईबाप-प्रोसेसने त्याहून जास्त झोपायचं आणि मूल संपल्यावर, पण वेट करण्याआधी, एकदा मोजायचं. हे झालं तिसरं निरीक्षण. वेट केल्यावरचं चौथं. चालवून पाहणार होतो. पण ते दिवस भारनियमनाचे होते, दुपारी चार तास वीज नसायची, आणि छापखान्याचा माणूस संध्याकाळी पुठ्ठ्याचा रंग विचारायला येणार होता. मूल एक्झिट झालं म्हणजे गेलं, गेलं म्हणजे उरले तीन. मी पेनाने तक्ता भरला: तीन, चार, तीन, तीन.

उत्तर चार आहे. एक्झिट झालेली प्रोसेस टेबलातली जागा सोडत नाही. तिच्या जन्मदात्याने वेट करून तिचा निकाल विचारेपर्यंत ती तिथेच पडून राहते. चालत नाही, बोलत नाही, पण जागा धरून असते. तिला झोंबी म्हणतात. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो. त्याच पुस्तकाच्या प्रकरण चारमध्ये ती मीच लिहिली होती, आकृतीसकट.

छपाई रेंगाळली, आणि छापण्याआधीची फोटोकॉपी दोन वर्षं मुलांच्या हातात होती. कोणाच्याच लक्षात आलं नाही, आणि ह्यात आश्चर्य नाही. आमच्याकडे जर्नल लिहिण्याची एक पद्धत होती. मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल घ्यायचं आणि उतरवायचं. परीक्षेत प्रयोग सातची चिठ्ठी आली की कर्नलला हात न लावता चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये आयते आकडे घालून चार ओळी छापायच्या, तीन, चार, तीन, तीन, आणि परीक्षकाला दाखवायच्या. ह्याला मुलं ‘प्रिंट मारणं’ म्हणायची. परीक्षक मॅन्युअल उघडून पडद्याशी ताडून पाहायचे. दोन्ही जुळायचं. मग पोहे यायचे.

अचलपूरची एक मुलगी होती, शेवटच्या वर्षाला. वडील परतवाड्याच्या रस्त्यावर शिवणकाम करायचे. ती रोज एसटीने यायची आणि पहिल्या तासाला पंधरा मिनिटं उशिरा पोचायची, त्यामुळे माझं कर्नलचं वाक्य बहुधा तिने ऐकलंच नसावं. पुण्याच्या एका कंपनीने तिला निवडलं होतं. अट एकच, शेवटच्या वर्षाचा एकही विषय राहता कामा नये. ही बातमी तिने मला पेढा देऊन सांगितली होती.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी ती माझ्या खोलीत आली, हातात फोटोकॉपी.

“सर, सात नंबरचा मले तिसऱ्याले चार येऊन राहिला.”

“कोड बघ. कुलूप सोडलंस का?”

“सोडलं सर. तीनदा बघतलं. मेकफाइल पण बघतली. बाकी सगळं मिळते. तिसरंच मिळत नाही.”

मी तिच्यासमोर माझ्या मशीनवर कोडपासून कर्नल बांधला, प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर तीन, चार, चार, तीन. पुन्हा चालवला. तेच. ती खुर्चीमागे उभी होती. मला वाटलं, ती काही बोलणार नाही.

“तो पोरगा झोंबी आहे न सर,” ती म्हणाली. “वेट नाही केलं अजून. तुमीच सांगतलं होतं.”

“हो,” मी म्हणालो. “तुझं बरोबर आहे.”

तिचा चेहरा उजळला. इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

“पण परीक्षेत मॅन्युअलप्रमाणे लिही,” मी पुढे म्हणालो.

“आन् मशीन?”

“मशीनला मार्क द्यायचे नसतात.”

ती हसली. तिला तो विनोद वाटला. माझ्या विनोदांवर विद्यार्थी सहसा हसत नसत, म्हणून मीही तो विनोदच समजायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांकडे गेलो. पुस्तकं बांधून आली होती. त्यांच्या खोलीत भिंतीला लागून गठ्ठे होते आणि खोलीला खळीचा वास येत होता. परीक्षेनंतरच्या शुक्रवारी प्रकाशन होतं, निमंत्रणं वाटून झाली होती. मी म्हणालो, एका पानावर एक आकडा चुकलाय, शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवू.

“शुद्धिपत्र?” ते म्हणाले. “प्रकाशनाच्या आधी? तुम्ही लग्नाच्या पत्रिकेला शुद्धिपत्र लावता का हो?”

“वराचं नाव चुकलं तर लावावं लागतं सर.”

“नाव चुकलं नाही न? आकडा चुकला. कोण बघते आकडा?”

“एका मुलीने बघितला.”

“मग तिला सांगा, बघू नको.”

ते माझं सांगून झालं होतं. त्यामुळे मी तिथून उठलो.

माझे वडील अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णेच्या काठच्या एका शाळेत, गणित शिकवायचे. साठच्या दशकातली गोष्ट. अंकगणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असायची, आणि एका उदाहरणाचं उत्तर छापताना चुकलं होतं. एका मुलाने वर्गात ते दाखवलं. वडिलांनी फळ्यावर उदाहरण दोनदा सोडवलं, मग सगळ्या वर्गाची पुस्तकं गोळा करून घरी आणली आणि प्रत्येक पुस्तकात तांबड्या शाईने आकडा दुरुस्त करून खाली सही केली. हेडमास्तरांनी विचारलं, सरकारी पुस्तकात लिहिलंत कसं? वडिलांनी उत्तर दिलं की सरकारचं गणित चुकलं होतं म्हणून. त्यांची बदली झाली. मी तेव्हा चौथीत होतो आणि मला शाळा बदलावी लागली ह्याचाच राग आला होता. त्या रागाचं मूळ बहुधा माझ्यात शिल्लक राहिलं. विभागप्रमुखांच्या खोलीत गठ्ठ्यांकडे बघताना मला वडील आठवले नाहीत. आठवली ती बदली.

परीक्षेचे बाहेरचे परीक्षक अकोल्याचे होते. जाडसर, बोलके, आणि आल्याबरोबर कूलरसमोरची खुर्ची ओळखणारे. विभागप्रमुखांनी त्यांच्या हाती नव्या पुस्तकाची प्रत ठेवली, प्रकाशनाआधीच, सस्नेह. त्यांनी सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“वा. म्हणजे आता प्रश्न विचारायचं कामच नाही ठेवलं तुम्ही आम्हाले.”

“तुमची सोय बघायचीच असते सर,” विभागप्रमुख म्हणाले.

वीस मशीन, त्यातली सोळा चालू. चिठ्ठ्या निघाल्या. प्रयोग सात चौघांना आला. तिघांनी दहा मिनिटांत प्रिंट मारले आणि उरलेला वेळ पंख्याकडे बघत काढला. चौथी ती होती. मी तिच्या मागून दोनदा गेलो. ती खरंच कर्नलमध्ये काम करत होती. नंबर दिला, तक्त्यात नोंदवलं, फंक्शन लिहिलं, बाहेरचा तुकडा घातला. पहिल्यांदा चालवलं तेव्हा शेलने प्रोग्रॅम चालवता आला नाही म्हणून सांगितलं. तिने कपाळावर हात मारला, मेकफाइल उघडली, एक नाव घातलं, पुन्हा बांधलं. पडद्यावर आकडे आले. तीन, चार, चार, तीन. तिने ते तसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरवले. मी बघत होतो. खोकलोसुद्धा. तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घालून निष्कर्ष लिहू लागली.

परीक्षक फिरत फिरत तिच्यापाशी आले. तिघांचं ताडून झालं होतं, त्यामुळे बोट मॅन्युअलच्या पानातच होतं.

“काय बाई, तिसरं रीडिंग गडबडलं न तुमचं?”

“नाही सर. बरोबर आहे ते.”

“इथं तीन आहे. त्या पोट्ट्यांचं पण तीन आलं.”

“त्यांनी चालवलं नसन सर.”

तिघे जण पंख्याकडे बघायचे थांबले.

“बरं, मले समजावून सांगा,” परीक्षक खुर्ची ओढून बसले. मजा वाटत होती त्यांना. “पोरगं एक्झिट झालं का नाही?”

“झालं.”

“म्हणजे मेलं.”

“मेलं सर. पण बापानं वेट नाही केलं अजून. त्याचं नाव टेबलातून कमी नाही झालं. म्हणून मोजण्यात येते ते.”

“मेलं तरी हजेरी लागते?”

“हो सर.”

“असा एक क्लार्क आहे आमच्या कॉलेजात,” परीक्षक म्हणाले, आणि सगळे हसले. तीही हसली. मला त्या क्षणी वाटलं की प्रकरण मिटलं. माणूस विनोदी होता, आणि विनोदी माणसाला बहुधा कळतं.

त्यांना कळलंही असावं. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग पुस्तकाकडे. मग विचारलं, “म्हणजे मॅन्युअल चूक आहे म्हणता तुम्ही?”

ती माझ्याकडे बोट न दाखवता, फक्त मान वळवून म्हणाली, “सरांले विचारा.”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. दाराशी विभागप्रमुख उभे होते. शिपाई पोह्यांचा ट्रे घेऊन त्यांच्या मागे होता आणि आत जावं की नाही ह्याचा अंदाज घेत होता. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझं नाव होतं, प्रकाशनाच्या निमंत्रणावर होतं, आणि निवृत्तीला चार वर्षं उरली असताना ते आणखी कुठे छापून येण्याची शक्यता नव्हती.

“मॅन्युअलप्रमाणेच बघा सर,” मी म्हणालो.

परीक्षकांनी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला असं आज मला वाटतं, पण ते मी मागाहून घातलेलं असू शकतं. तिने तक्त्यातला तिसरा आकडा खोडला नाही. एवढं मी नक्की सांगू शकतो, कारण मी त्याच कागदाकडे बघत होतो. तिच्याकडे बघणं शक्य नव्हतं.

प्रात्यक्षिकात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. आउटपुट चूक, निष्कर्ष चूक, तोंडी परीक्षेत वाद. बेरीज केली तर दोन गुण कमी पडत होते. आमच्याकडे अशा वेळी बाहेरचे आणि आतले परीक्षक एकमेकांकडे बघतात आणि दोन गुण कुठूनतरी येतात. परीक्षकांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

“वाढवायचे का?”

मी उत्तर देण्याआधी विभागप्रमुख म्हणाले, “उद्धट पोट्टी आहे. बाकीच्यांनी पुस्तकाप्रमाणे केलं, हिलेच काय झालं?”

आता मी म्हणायला हवं होतं की हिने पुस्तकातलं प्रकरण चार वाचलं. मी पोह्यांवर लिंबू पिळलं. गुणपत्रिकेवर परीक्षकांची सही झाली, त्याखाली माझी, लाखेचं सील लागलं.

ती दुसऱ्या दिवशी आली. दारातच उभी राहिली.

“सर, तुमी म्हणले होते न, तुझं बरोबर आहे म्हणून?”

“म्हणालो होतो.”

“मग काहून असं केलं?”

माझ्याकडे बरीच वाक्यं तयार होती. परीक्षा म्हणजे काय, पद्धत म्हणजे काय, व्यवहार म्हणजे काय. ती सगळी मी म्हटली. तिने ऐकून घेतली.

“पुण्याहून मेल आला,” ती म्हणाली. “निकालाचा कागद पाठवा म्हणून.” आणि परतवाड्याची गाडी चुकेल म्हणून निघाली.

शुक्रवारी प्रकाशन झालं. मंडप, समई, स्वागतगीत. विभागप्रमुखांना सुचलं की अध्यक्षांच्या हस्ते नुसतं प्रकाशन करण्यापेक्षा मोठ्या पडद्यावर एक प्रयोग दाखवावा. प्रयोग सात निवडला, कारण त्यात आकडे कमी होते. मला आदल्या दिवशी सांगितलं, “तेवढं पुस्तकाप्रमाणे येईल असं बघा.”

प्रिंट मारता आलं असतं. पण मंडपात दुसऱ्या कॉलेजांचे प्राध्यापकही येणार होते आणि त्यातल्या एखाद्याने कोड दाखवा म्हटलं तर लाज गेली असती. म्हणून मी कर्नलमध्येच गेलो. मोजण्याच्या फंक्शनमध्ये अट होती: जागा रिकामी नसेल तर मोज. तिथे मी पुढे जोडलं: आणि झोंबीही नसेल तर. एका ओळीचं काम. बांधलं, चालवलं. तीन, चार, तीन, तीन. टेबलात मेलेली प्रोसेस तशीच जागा धरून होती. फक्त आता ती मोजायची नव्हती.

अध्यक्षांनी एंटरची कळ दाबली. करंगळीने, कारण बाकीच्या बोटांत अंगठ्या होत्या. पडद्यावर चार आकडे आले. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले की विदर्भाच्या मातीत आता स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम जन्माला आली आहे. दुसऱ्या कॉलेजांच्या प्राध्यापकांनीही टाळ्या वाजवल्या. कोड कुणीच मागितला नाही. माझ्या खांद्यावर शाल पडली, मे महिन्यात.

ती मुलगी हिवाळी परीक्षेला पुन्हा बसली. पुण्याची जागा तोवर गेली होती. चिठ्ठी काढताना मी मनात म्हटलं की दुसरं काही निघो. सातच निघाला. तिने कर्नल उघडलाच नाही. चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी लिहिल्या, तीन, चार, तीन, तीन, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ह्या वेळचे परीक्षक वेगळे होते. त्यांनी ताडून पाहिलं आणि पैकीच्या पैकी दिले. मी तिच्या पडद्याजवळून गेलो तेव्हा ती हळू म्हणाली, “आता मशीनले पण मार्क भेटले सर.”

मी सही केली. पुढे ती कुठे गेली मला माहीत नाही. चिखलदऱ्याला जाताना परतवाड्यातून बस जाते तेव्हा मी उजवीकडच्या खिडकीत बसतो. शिवणकामाचं दुकान डावीकडे आहे.

निवृत्तीच्या वर्षी मी अभ्यास मंडळाला लेखी अर्ज दिला. प्रयोग क्रमांक सात, निरीक्षण तीन, आकडा चूक आहे, कारण सोबत जोडलं आहे. वडिलांची तांबडी शाई चार वर्षं उशिरा आणि टंकलेखन करून. मंडळाची बैठक झाली. अर्जावर गंभीर विचार झाला. पुस्तकातला कोड आणि पुस्तकातला तक्ता जुळत नाहीत ही बाब मंडळाने एकमताने मान्य केली आणि दुरुस्तीचं काम विभागप्रमुखांकडे सोपवलं.

दुसऱ्या आवृत्तीची प्रत मला घरपोच आली. तक्त्यातला तिसरा आकडा तीनच आहे. कोड बदलला आहे. मी प्रकाशनासाठी घातलेली अट त्यात आहे, माझ्याच मशीनवरून घेतलेली. आता प्रयोग सातचं उत्तर बरोबर येतं.